वजन अडकलंय की पाणी साठलंय? काट्यावरचा आकडा हलत नसेल तर काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

लोकांच्या आहाराच्या आणि वजनाच्या नोंदी बघून त्यांना पुढे काय करायचं ते सांगणं हे माझं रोजचं काम आहे. त्यात सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारी तक्रार एकच: "सगळं नीट चाललंय, तरी वजन हलत नाही." बहुतेक वेळा चरबी कमी होत असते, पण तिच्यावर पाण्याचा थर चढलेला असतो आणि काट्याला दोन्ही सारखेच दिसतात. काही वेळा चरबी खरंच कमी होत नसते. या दोन गोष्टी वेगळ्या करायला पैसे फारसे लागत नाहीत, क्रम मात्र पाळावा लागतो. लोक सगळ्यात शेवटचा उपाय, म्हणजे खाणं आणखी तोडणं, सगळ्यात आधी करतात आणि तिथेच गाडी बिघडते.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं ते आधी ओळखा.

- पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काहीच नाही.
- काल रात्री थोडं जास्त खाल्लं आणि आज सकाळी काटा दीड किलो वर.
- दोन-तीन आठवडे आकडा जागच्या जागी, मग एका रात्रीत किलोभर खाली.
- दर महिन्याला ठराविक आठवड्यात वजन चढतंच.
- व्यायाम सुरू केला आणि वजन वाढलं.
- कपडे सैल होताहेत, पण आकडा तोच.
- सहा आठवडे झाले; आकडाही तोच आणि कमरेचा घेरही तोच.

पहिली सहा लक्षणं बहुतेक वेळा पाण्याची असतात. सातवं वेगळं आहे, त्याच्याकडे शेवटी येऊ. दम लागणं, पायांवर सूज, किंवा त्यांच्याबरोबर एका-दोन दिवसांत झपाट्याने चढणारं वजन असं काही असेल तर मधलं सगळं सोडा आणि थेट शेवटचा भाग वाचा.

आधी एक हिशोब

एक किलो शरीरातली चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. रोज गरजेपेक्षा ५०० कॅलरी कमी खाल्ल्या तर दिवसाला साधारण ६५ ग्रॅम चरबी कमी होते. आठवड्याला जेमतेम ४५० ग्रॅम. आणि हे नीट, न चुकता केलं तर.

आता दुसरी बाजू बघा. धडधाकट माणसाचं वजन पाणी आणि पोटातलं अन्न यांच्यामुळे एका दिवसात एक-दीड किलो इकडेतिकडे सहज होतं. म्हणजे शोधायची गोष्ट ६५ ग्रॅमची आणि तिच्यावरचा गोंगाट हजार-दीड हजार ग्रॅमचा. कालच्या आकड्याशी आजचा आकडा ताडून चरबीबद्दल काहीही कळत नाही, कळूच शकत नाही. खालच्या सगळ्या तपासण्यांचा उद्देश हा गोंगाट बाजूला काढणं एवढाच आहे.

तपासणी १: काटा (पाच मिनिटं, फुकट)

काटा गालिच्यावर, चटईवर किंवा हलणाऱ्या फरशीवर असेल तर उचलून कडक, सपाट जागी ठेवा आणि ती जागा पुन्हा बदलू नका. जागा बदलली की अर्धा-एक किलोचा फरक पडलेला मी अनेक घरांत पाहिला आहे. बॅटरी जुनी असेल तर बदला.

मग एक छोटी चाचणी करा. तीन वेळा लागोपाठ वजन करा. तिन्ही वेळा दशांशापर्यंत अगदी तोच आकडा आला तर खूश होऊ नका. काही डिजिटल काटे मागचा आकडा लक्षात ठेवतात आणि नवा आकडा त्याच्या जवळपास असला तर जुनाच पुन्हा दाखवतात. ओळखण्यासाठी पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली हातात घेऊन वजन करा, मग बाटली खाली ठेवून पुन्हा करा. बाटलीसकट आकडा साधारण एक किलोने वाढायला हवा. तसा वाढला आणि त्यानंतर बाटलीशिवायचा आकडा आधीच्या तीन आकड्यांपेक्षा वेगळा आला, तर तुमचा काटा आठवणीतला आकडा दाखवत होता. काही लोकांचं 'अडकलेलं' वजन इथेच सुटतं. अशा काट्यावर रोज आधी बाटलीसकट आणि मग एकट्याने उभं राहायची सवय लावा.

चरबीची टक्केवारी दाखवणारे काटे पायातून सौम्य वीज सोडून शरीरातल्या पाण्यावरून अंदाज बांधतात. पाणीच बदलत असताना ती टक्केवारीही बदलते. या कामासाठी तिच्याकडे दुर्लक्ष करा.

तपासणी २: वजन कधी आणि कसं करता

सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, कमीत कमी कपड्यांत. रोज. आठवड्यातून एकदाच वजन करणाऱ्यांना मी नेहमी रोज करायला सांगते, कारण आठवड्याचा एकच आकडा नेमका चढलेल्या दिवशी पडला तर पूर्ण आठवडा वाया गेल्यासारखा वाटतो. सात दिवसांचे सात आकडे मिळवून सातने भागायचे आणि फक्त ती सरासरी जपून ठेवायची. ज्यांना रोजचा आकडा बघून खरोखर त्रास होतो, दिवस खराब जातो, त्यांनी घरातल्या कोणाला तरी आकडा वाचून लिहून ठेवायला सांगावं आणि आठवड्याला सरासरी ऐकावी.

सरासरी नसेल तर पुढच्या तपासण्यांना काही आधार नाही. त्यामुळे नोंदी नसतील तर इथेच थांबा आणि दोन आठवडे फक्त नोंदी करा. खाण्यात काही बदलू नका.

तपासणी ३: मागचे तीन दिवस आठवा

अचानक चढलेल्या वजनाचं उत्तर बहुधा मागच्या तीन दिवसांत असतं. तीन गोष्टी बघायच्या: मीठ, पिष्टमय पदार्थ आणि पोट साफ होणं.

मिठापासून सुरू करू. रक्त आणि पेशींबाहेरचं पाणी यांचा खारटपणा शरीर फार काटेकोरपणे राखतं. तो लिटरमागे साधारण ९ ग्रॅम मिठाच्या तोडीचा असतो. दवाखान्यात लावतात त्या सलाइनमध्येही मिठाचं प्रमाण तेवढंच असतं. आता जास्तीचं मीठ पोटात गेलं की खारटपणा वाढू नये म्हणून शरीर तहान लावतं आणि पाणी धरून ठेवतं. हिशोब सोपा आहे: बाहेर न टाकलेल्या प्रत्येक जास्तीच्या ग्रॅम मिठामागे साधारण ११० मिली पाणी. एका खारट जेवणात रोजच्यापेक्षा सहा ग्रॅम मीठ जास्त गेलं, तर अर्ध्या लिटरपेक्षा जास्त पाणी अडकतं. मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात, पण लगेच नाही. मीठ धरायचं की सोडायचं हे ठरवणारं अल्डोस्टेरॉन हे हार्मोन नव्या प्रमाणाशी जुळवून घ्यायला दोन-चार दिवस घेतं. म्हणून शनिवारचं जेवण मंगळवारपर्यंत काट्यावर दिसतं.

पिष्टमय पदार्थांचं गणित याहून मोठं आहे. स्नायू आणि यकृत मिळून साधारण अर्धा किलो साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी राहतं. डाएट सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात हा साठा निम्मा रिकामा होतो आणि त्याच्याबरोबर त्याचं पाणीही जातं. पहिल्या आठवड्यातले ते दोन किलो बरेचसे हेच असतात. दुसऱ्या आठवड्यात साठा आणखी रिकामा होत नाही, त्यामुळे काट्यावर उरते ती चरबीची खरी, संथ घट. माणसाला वाटतं, गती थांबली. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्याचा आकडाच फुगलेला होता.

उलट दिशेनेही तेच. एका दिवशी भरपूर पिष्टमय जेवण झालं आणि २०० ग्रॅम ग्लायकोजेन परत भरलं, तर ते आणि त्याचं पाणी मिळून ८०० ग्रॅम. त्यात मिठाचे ६०० ग्रॅम आणि आतड्यात अजून असलेलं अन्न ४००-५०० ग्रॅम मिळवा. झाले जवळजवळ दोन किलो. दोन किलो चरबी एका रात्रीत चढायला गरजेपेक्षा १५,४०० कॅलरी जास्त खाव्या लागतील. तेवढं कोणी खाल्लेलं नसतं. हा गुणाकार करून बघितला की बहुतेक घाबरलेली माणसं शांत होतात.

पोट दोन-तीन दिवस साफ झालं नसेल तर तेही वजन काट्यावर असतंच. अचानक तंतुमय पदार्थ वाढवले तर पहिल्या काही दिवसांत आतड्यातला ऐवज वाढतो. त्याचा चरबीशी संबंध नाही.

इथे करायचं काय? काहीच नाही. नेहमीचं खाणं, नेहमीचं मीठ, नेहमीचं पाणी, आणि चार दिवस वाट. पाणी पिणं कमी करू नका. शरीर ते आणखी घट्ट धरतं. मीठ एकदम बंद करूनही काही मिळत नाही. आकडा दोन दिवस खाली जातो, चरबी तिथेच राहते आणि मीठ परत आलं की आकडाही परत येतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या नसतील तर त्यांना हात लावू नका. त्या पाण्याबरोबर पोटॅशियमही बाहेर काढतात आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

तपासणी ४: व्यायाम, ताण आणि झोप

वजनं उचलायला नव्याने सुरुवात केली, किंवा व्यायाम एकदम वाढवला, तर स्नायूंच्या दुरुस्तीसाठी तिथे पाणी जमतं. अंग दुखतंय तोवर ते पाणी आहे असं धरा. दोन-तीन आठवडे काट्यावर त्याचा परिणाम राहू शकतो. "माझा स्नायू वाढला असेल" हे उत्तर मला अशा वेळी पटत नाही. आठवड्याभरात दीड किलो स्नायू कोणाचाच वाढत नाही. क्रिएटिन सुरू केलं असेल तर त्याचं पाणी वेगळं, एक-दीड किलोपर्यंत.

दुसरी गोष्ट, खाणं खूपच तोडणं. फार कमी खाणं, भरपूर व्यायाम आणि अपुरी झोप एकत्र आले की कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढतं आणि कॉर्टिसॉलचा एक परिणाम मीठ-पाणी धरून ठेवण्याकडे जातो. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे जवळजवळ निम्म्या आहारावर ठेवलं होतं. ही माणसं डोळ्यांदेखत रोडावत होती आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या घोट्यांना सूज होती. शरीर आतून झिजत असताना बाहेर पाणी साठत होतं. इतकी टोकाची वेळ आपल्यावर येत नाही, पण "वजन थांबलं म्हणून आणखी खाणं तोडलं, मग आणखी थांबलं" हे चक्र मी पुन्हा पुन्हा बघते. अशांना मी एक-दोन आठवडे वजन टिकेल इतकं खायला आणि पुरेसं झोपायला सांगते. बऱ्याच जणांचं वजन त्या काळात चढण्याऐवजी उतरतं, कारण अडकलेलं पाणी सुटतं.

तपासणी ५: पाळीचं चक्र

ज्यांना पाळी येते त्यांच्यासाठी ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि नेमकी हीच बहुतेक सल्ल्यांमधून गायब असते. "दर आठवड्याला सरासरी काढा आणि मागच्या आठवड्याशी ताडून बघा" हा सल्ला पुरुषाला पुरतो. पाळी येणाऱ्या स्त्रीला तो फसवतो, कारण तिचं पाणी आठवड्याच्या नाही, महिन्याच्या लयीत वरखाली होतं.

ढोबळ चित्र असं. पाळीचा पहिला दिवस म्हणजे चक्राचा पहिला दिवस धरा. पाळी संपल्यापासून अंडोत्सर्गापर्यंत पाणी सगळ्यात कमी असतं. अंडोत्सर्गानंतर प्रोजेस्टेरॉन वाढतं, त्याबरोबर अल्डोस्टेरॉनही वाढतं, आणि पाळी जवळ येईल तसं पाणी साठत जातं. सूज आणि जडपणा बहुधा पाळीच्या पहिल्या दिवसाच्या आसपास सगळ्यात जास्त असतो आणि पुढच्या तीन-चार दिवसांत उतरतो. किती पाणी, हे प्रत्येकीचं वेगळं: कोणाला काट्यावर काहीच जाणवत नाही, कोणाचं वजन दोन किलोपर्यंत चढतं. शेवटच्या आठवड्यात भूकही वाढते, आतडी मंदावतात आणि बद्धकोष्ठता होते, त्याची भर वेगळी.

एक उदाहरण पूर्ण मांडते, कारण आकडे बघितल्याशिवाय हे पटत नाही. माझ्याकडे आलेल्या एका बाईंचं चक्र बरोबर २८ दिवसांचं होतं. रोज ३५० कॅलरी कमी खायच्या असं ठरलं होतं. त्यांच्या आठवड्यांच्या सरासऱ्या अशा होत्या:

| चक्राचे दिवस | पहिलं चक्र | दुसरं चक्र |
|---|---|---|
| १ ते ७ | ७२.० किलो | ७०.८ किलो |
| ८ ते १४ | ७१.१ किलो | ६९.९ किलो |
| १५ ते २१ | ७१.२ किलो | ७०.० किलो |
| २२ ते २८ | ७१.६ किलो | ७०.४ किलो |

पहिल्या चक्राच्या शेवटी त्या माझ्यासमोर बसल्या होत्या तेव्हा दुसरा रकाना अजून कोरा होता. त्यांना दिसत होतं ते एवढंच: ७१.१, मग ७१.२, मग ७१.६. दोन आठवडे मन मारून खाल्लं आणि वजन अर्धा किलो वाढलं. "उद्यापासून हजार कॅलरीच," असं त्या ठरवून आल्या होत्या. मी त्यांना खाण्यात काहीही न बदलता आणखी चार आठवडे फक्त नोंदी करायला सांगितलं. त्या तयार झाल्या, नाखुशीनेच.

आता तक्ता उभा न वाचता आडवा वाचा. ८ ते १४ या दिवसांची सरासरी ७१.१ वरून ६९.९ झाली. २८ दिवसांत १.२ किलो. त्याला ७,७०० ने गुणलं तर ९,२४० कॅलरी, आणि २८ ने भागलं तर रोजच्या ३३०. ठरवलेल्या ३५० च्या अगदी जवळ. म्हणजे ज्या आठवड्यांत त्यांना वाटत होतं की काहीच घडत नाही, त्याही आठवड्यांत चरबी ठरल्या गतीने जात होती. चारही ओळींत फरक तोच, १.२ किलो. हजार कॅलरींवर गेल्या असत्या तर पुढच्या पाळीनंतर पाणी उतरलं असतं, आकडा धाडकन खाली आला असता आणि श्रेय उपासमारीला मिळालं असतं. पुढच्या महिन्यात तेच पुन्हा.

सगळ्यांचे आकडे इतके स्वच्छ येत नाहीत. चक्र २६ दिवसांचं असलं तर कधी ३१ चं होतं. म्हणून पाळी संपल्यानंतरचा आठवडा हा मोजमापाचा आठवडा धरा. त्यात पाण्याचा गोंधळ सगळ्यात कमी असतो आणि तो ओळखायलाही सोपा. मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी तुलना करा. बाकी तीन आठवड्यांचे आकडे लिहा, पण त्यांच्यावरून निर्णय घेऊ नका.

पाळी अनियमित असेल, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील किंवा रजोनिवृत्तीच्या आसपासचा काळ असेल तर ही आडवी तुलना नीट बसत नाही. अशा वेळी कमीत कमी आठ आठवड्यांची सरासरी बघा आणि पुढच्या तपासणीवर जास्त भर द्या. पाळी चुकली असेल आणि गर्भधारणेची शक्यता असेल तर आधी ती चाचणी करा, मग वजनाचं बघू.

तपासणी ६: टेप

शिवणकामाचा साधा टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, सरळ उभं राहून, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता घेर मोजा. तीनदा मोजून मधला आकडा लिहा. पोट आत ओढू नका. महिन्यातून एकदा-दोनदा पुरे, आणि पाळी येत असेल तर वर सांगितलेल्या त्याच आठवड्यात, कारण पाळीआधी पोट फुगलेलं असतं आणि टेपही फसतो.

वजन स्थिर पण घेर दोन सेंटिमीटर कमी, तर चरबी जातेय. काहीही बदलू नका. वजन स्थिर आणि घेरही स्थिर, आणि असं पूर्ण चक्रभर किंवा पुरुषांच्या बाबतीत चार आठवडे, तर पुढे जा. इथपर्यंत येणारे खरंच कमी असतात.

तपासणी ७: खाण्याचं खरं मोजमाप

हा भाग लोकांना आवडत नाही, आणि आवाज न चढवता सांगावा लागतो. १९९२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास आला. दिवसाला १,२०० कॅलरींपेक्षा कमी खाऊनही वजन उतरत नाही असं सांगणाऱ्या माणसांचं खाणं आणि खर्च त्यात काटेकोर पद्धतीने मोजला होता. त्यांचा चयापचय नॉर्मल निघाला. आपलं खाणं मात्र ती सरासरी ४७ टक्के कमी सांगत होती. ही माणसं खोटं बोलत नव्हती. अंदाजाने खाणं मोजता येत नाही, एवढंच.

सात ते दहा दिवस, फक्त तेवढेच दिवस, सगळं स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर वजन करून लिहा. शिजवलेलं की कच्चं ते ठरवा आणि एकाच पद्धतीवर राहा. शिजवताना धान्य पाणी पितं आणि त्याचं वजन दुपटी-तिपटीने वाढतं, त्यामुळे कच्च्याचा आकडा शिजवलेल्याला लावला की सगळा हिशोब मोडतो. तेल चमच्याने मोजू नका. तेलाचं भांडं स्वयंपाकाआधी आणि नंतर काट्यावर ठेवा, फरक म्हणजे गेलेलं तेल. एका मोठ्या चमच्यात साधारण १२० कॅलरी असतात, आणि हात सैल असला तर 'एक चमचा' दोन होतो. ज्यांची रोजची तूट ३३० कॅलरींची आहे त्यांची ती असे तीन न मोजलेले चमचे गिळून टाकतात. पेयं, चव बघताना घेतलेले घास, मुलांच्या ताटातलं उरलेलं हेही लिहा.

सुट्टीचे दिवस सोडू नका. पाच दिवस रोज ४०० कमी म्हणजे आठवड्याला २,००० ची तूट. उरलेल्या दोन दिवसांत रोज १,००० जास्त गेल्या की आठवड्याची बेरीज शून्य. पाच दिवसांची मेहनत खरी, वजन न हलणंही खरं.

तपासणी ८: गरजच कमी झाली आहे का

मोजमाप नीट निघालं आणि तरी घट नाही, तर गरज खाली आली आहे. लहान शरीराला कमी लागतं, आणि त्याशिवाय कमी खाणारं शरीर नकळत कमी हलतं: बसून राहणं वाढतं, जिने टळतात, हातवारेसुद्धा कमी होतात. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे रोजची गरज साधारण २० ते ३० कॅलरींनी घटते. दहा किलो उतरले असतील तर २०० ते ३०० कॅलरी, म्हणजे सुरुवातीची तूट जवळजवळ संपली.

फोनमधली पावलं चार महिन्यांपूर्वीशी ताडून बघा. कमी झाली असतील तर आधी ती परत आणा. मग खाण्यातून १०० ते २०० कॅलरी कमी करा, एका वेळी एकच बदल, आणि पूर्ण एक चक्र थांबून बघा. दोन बदल एकत्र केले तर कोणता लागू पडला ते कळत नाही. स्त्रियांनी १,२०० आणि पुरुषांनी १,५०० कॅलरींच्या खाली डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय जाऊ नये.

इथे थांबा आणि डॉक्टरांकडे जा

आजच, वाट न बघता: एका-दोन दिवसांत दीड-दोन किलो चढले आणि बरोबर दम लागतोय, आडवं झोपता येत नाही, किंवा छातीत दुखतंय. दोन्ही घोट्यांवर सूज आहे आणि बोटाने दाबलं की खड्डा राहतो. एकाच पायाला सूज आणि वेदना आहे; ही रक्ताच्या गुठळीची खूण असू शकते. सकाळी चेहरा आणि पापण्या सुजतात, लघवीला फेस येतो किंवा ती फार कमी होते. गर्भारपणात अचानक वजन आणि सूज वाढली. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आधीपासून असेल तर मिठा-पाण्याचे वरचे कोणतेही हिशोब स्वतःवर लावू नका, डॉक्टरांनी दिलेली मर्यादा पाळा.

या आठवड्या-दोन आठवड्यांत: तीन महिने पाळी आली नाही. वजन न हलण्याबरोबर सतत थकवा, थंडी सहन न होणं, केस गळणं, बद्धकोष्ठता आहे. थायरॉइडची रक्ततपासणी स्वस्त आहे, करून घ्या. पाळी अनियमित आणि चेहऱ्यावर केस, मुरूम वाढलेत. नवं औषध सुरू झाल्यापासून वजन चढतंय: स्टिरॉइड, इन्सुलिन, मनोविकारांवरची काही औषधं यांनी ते होतं, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी पाय सुजतात. औषध स्वतः बंद करू नका, बदल डॉक्टरच करतील.

आकड्याच्या भीतीने जेवण टाळणं, खाऊन उलटी काढणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं, दिवसातून चार-पाच वेळा काट्यावर चढणं सुरू झालं असेल तर काटा कोणाकडे तरी देऊन टाका आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. त्या अवस्थेत वरची एकही तपासणी करू नका.

आणि आठही तपासण्या करून, पूर्ण दोन चक्रं किंवा आठ आठवडे मोजलेलं खाणं खाऊनही वजन आणि घेर दोन्ही स्थिर असतील तर डॉक्टरांकडे जाताना हे बरोबर न्या: आठवड्यांच्या सरासऱ्या, पाळीच्या तारखा, कमरेचे घेर, दहा दिवसांच्या खाण्याची नोंद आणि चालू औषधांची यादी. त्या कागदावरून त्यांना काय तपासायचं ते पहिल्याच भेटीत ठरवता येतं.